नियम नववा: हात वर करावा

सभा संपली आणि अर्ध्या तासात दाराची बेल वाजली. बी विंगच्या पाचव्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या होत्या. तोंडावर मास्क, हातात घडी घातलेला कागद. तो कागद म्हणजे मीच काढलेलं सभेचं निमंत्रण होतं. त्यांनी घडी उलगडली, नवव्या नियमावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, इथं लिहिलंय ना, प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करावा म्हणून? मी चाळीस मिनिटं हात वर धरून बसले होते. खांदा भरून आला. माझं नाव कुणीच घेतलं नाही."

मी उभ्या उभ्या तो नियम पुन्हा वाचला. "प्रश्न विचारावयाचा असल्यास हात वर करावा व नाव पुकारले जाईपर्यंत थांबावे." वाक्य माझंच होतं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे झूमच्या पडद्यावरचं ते छोटं बटण होतं, जे दाबलं की आपल्या नावापाशी एक पंजा उमटतो. मावशींनी मात्र शब्द जसे होते तसे वाचले. फोन फुलदाणीला टेकवून ठेवला, कॅमेरा चालू ठेवला (तोही माझाच तिसरा नियम), आणि उजवा हात वर धरून त्या थांबल्या. सभेला 112 जण होते. माझ्या लॅपटॉपवर एका पानावर 25 चेहरे मावत होते. मावशी मागच्या कुठल्यातरी पानावर होत्या आणि ते पान मी सभा संपेपर्यंत उघडलं नव्हतं.

त्यांनी माझा नियम तंतोतंत पाळला होता. त्यांना घरात घेऊन पाणी दिलं, माफी मागितली; पण त्या गेल्यावर खूप वेळ तो कागद माझ्यापुढे पडून होता.

हे 2021 च्या ऑगस्टमधलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची सोसायटी आहे, तीन विंग आणि 168 फ्लॅट. मी नुकतीच सचिव झाले होते. त्याआधी सोसायटीच्या कामात माझा सहभाग म्हणजे गणपतीत प्रसाद वाटणं, एवढाच. कोविडमुळे गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये सगळ्यांना बसवणं शक्य नव्हतं, ऑनलाइन सभा घ्यायला राज्यात परवानगी मिळालेली होती, आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. क्लास चालवणाऱ्या एका सभासदाने त्यांचं 300 जणांची सोय असलेलं खातं वापरायला दिलं. बिनपैशाच्या खात्यात 100 जण आणि 40 मिनिटं एवढीच मर्यादा असते, हे मला तेव्हाच कळलं.

निमंत्रणात नियम हवेत, एवढं मला माहीत होतं. कंपनीत नोकरी करणाऱ्या भाच्याकडून त्यांच्याकडच्या बैठकांचे नियम मागवले, त्यात आपल्या मनाचे चार घातले आणि एकूण 14 झाले. कॅमेरा बंधनकारक. प्रवेश करताच म्यूट व्हावे. पार्श्वभूमीचा आवाज टाळावा. चॅटमध्ये विषयाला धरूनच लिहावे. असे एकाखाली एक. छापून तिन्ही लिफ्टमध्ये लावले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. मला वाटलं, आता सभा सुरळीत होणार.

प्रत्यक्षात पहिली 20 मिनिटं आवाज आवरण्यातच गेली. कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या टीव्हीवरची मालिका, मागे पूजेची घंटा. एका घरात नवरा-बायको एकाच खोलीत दोन फोनवरून सभेत आले होते. एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरत होता आणि त्याची अशी कर्कश शीळ घुमत होती की कानाला लावलेले फोन लोकांनी दूर धरले. "म्यूट करा, म्यूट करा" असं सांगायला आणखी 15-20 जण स्वतःचे माइक उघडून बोलत होते. खजिनदार लिफ्टच्या तीन कोटेशनचे आकडे वाचत होते आणि त्यातला एकही आकडा कुणाला धड ऐकू आला नसावा, कारण पुढचा अर्धा तास लोक तेच आकडे पुन्हा विचारत राहिले.

वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्याच महिन्यात होती. तिच्या नोटिशीला 14 पूर्ण दिवस द्यावे लागतात. म्हणजे माझ्याकडे जेमतेम दोन आठवडे होते आणि आपलं नेमकं कुठे चुकलं हे मला समजत नव्हतं. नियम तर सगळे दिले होते. मग मी मावशींच्या घरी गेले आणि म्हटलं, हा कागद तुम्ही कसा वाचलात ते मला ओळीओळीने सांगा. त्यानंतर आणखी आठ-दहा घरी तेच केलं, मास्क लावून, दाराबाहेर उभी राहून. त्या फेरीत जे कळलं ते मला घरी बसून कधीच सुचलं नसतं.

पहिली गोष्ट म्यूटची. ए विंगमधले एक निवृत्त काका म्हणाले, "मी तर सुरुवातीलाच म्यूट केलं होतं." कसं ते त्यांनी करून दाखवलं. फोनच्या बाजूचं आवाजाचं बटण दाबून त्यांनी फोन सायलेंटवर टाकला. त्यांच्या दृष्टीने तोच म्यूट. त्यांचा माइक पूर्ण वेळ उघडा होता आणि त्यांच्या घरातली बातम्यांची वाहिनी आम्ही सगळे ऐकत होतो. दुसऱ्या एका वहिनींना पडद्यावरच्या माइकच्या चित्रावरची तिरकी लाल रेघ म्हणजे "माइक बिघडला आहे" असं वाटलं, म्हणून त्या ती रेघ जाईपर्यंत बटण दाबत राहिल्या. दोघांनीही नियम वाचला होता आणि पाळायचा मनापासून प्रयत्न केला होता.

त्या रात्री मुलाला शेजारी बसवून मी झूमच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे Mute participants upon entry अशी एक ओळ आहे. ती चालू केली की आत येणाऱ्या प्रत्येकाचा माइक आपोआप बंद होतो. म्हणजे ज्या नियमावर मी एवढी शाई खर्च केली होती, ते काम 168 घरांवर टाकण्याऐवजी मी एका जागी बसून करू शकत होते. मग मी माझे चौदाही नियम पुन्हा समोर घेतले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे यंत्राकडून करून घेता येतं का? चॅटमध्ये काय लिहावं हा नियम तसाच गळाला, कारण चॅट फक्त यजमान आणि सहयजमानांपर्यंत पोचेल अशी सोय आहे. पहिल्या सभेत चॅटमध्ये दोन घरांचं पार्किंगवरून जुंपलं होतं आणि निम्मे लोक सभेऐवजी ते वाचत होते. आता कुणाला आवाज येत नसेल तर त्यांनी तेवढं आम्हाला लिहावं, सुरुवातीला एवढाच चॅटचा उपयोग ठरवला.

पण माइकच्या बाबतीत एका जागी मी अडले. Allow participants to unmute themselves ही सोय आपण बंद केली, तर कुणालाच स्वतःचा माइक उघडता येत नाही. शांतता मिळते. अध्यक्षांना ते फार आवडलं. मला मात्र ते टोचत होतं. वार्षिक सभेत बोलणं हा सभासदाचा हक्क आहे; दाराला बाहेरून कडी घालून आत सभा भरवल्यासारखं ते दिसलं असतं, आणि नंतर कुणी "आम्हाला बोलू दिलं नाही" म्हणालं असतं तर त्याचं म्हणणं चूक ठरलं नसतं. शेवटी ठरलं असं: अहवाल आणि हिशेब वाचेपर्यंत ती सोय बंद ठेवायची, आणि हे निमंत्रणातच आधी सांगायचं, कारणासकट. प्रश्नांच्या वेळी ज्यांचं नाव पुकारलं जाईल त्यांना आमच्याकडून माइक उघडण्याची विनंती जाईल.

इथे आणखी एक बारकावा होता, तो आम्हाला पहिल्या सभेतही नडला होता. यजमान दुसऱ्याचा माइक बंद करू शकतो, पण त्याच्या होकाराशिवाय उघडू शकत नाही. आम्ही विनंती पाठवली की समोरच्याच्या पडद्यावर एक चौकट येते, त्यात Unmute दाबावं लागतं. पहिल्या सभेत तीन-चार जणांना आम्ही "बोला, बोला" म्हणत राहिलो आणि ते आमच्याकडे बघत बसले, कारण त्यांना वाटत होतं की माइक आम्ही उघडून देणार. म्हणून ही चौकट निमंत्रणात आली. आणि तिच्याबरोबर एक वाक्य मी मुद्दाम घातलं: तुम्ही होकार दिल्याशिवाय तुमचा माइक आम्हाला सुरू करता येत नाही. माझ्या दारोदारच्या फेरीत दोन घरांत मला हळूच विचारलं गेलं होतं की, आमच्या घरातलं बोलणं तुम्हाला ऐकू येत होतं का? ही भीती मनात ठेवून कुणी मोकळेपणाने सभेला बसणार नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सी विंगमधल्या एक वहिनी पहिल्या सभेला आल्याच नव्हत्या. लिफ्टचा प्रश्न त्यांच्याइतका कुणाचाच नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आठवड्याला डॉक्टरांकडे न्यावं लागे. का आला नाहीत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कॅमेरा बंधनकारक लिहिलं होतं. आमचा वाय-फाय फक्त हॉलमध्ये नीट चालतो आणि हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग आहे. त्यांना असं सगळ्यांना दाखवायचं?" दुसऱ्या एका घरी मुलाच्या वर्गांतच रोजचा दीड जीबीचा पॅक संपायचा, कॅमेरा चालू ठेवल्याने सभेच्या मध्यातच त्यांचा डेटा संपला आणि ते बाहेर फेकले गेले.

मी हा नियम का घातला होता, ते आठवायचा प्रयत्न केला. एक कारण असं सांगितलं गेलं होतं की, सभासदच बसला आहे की आणखी कुणी, हे कळायला हवं. पण 168 घरांतले चेहरे मला कुठे ओळखू येतात? मास्कशिवाय तर निम्मे लोक मी दीड वर्षात पाहिलेच नव्हते. ओळख पटवायला चेहऱ्यापेक्षा फ्लॅट नंबर हवा. म्हणून कॅमेऱ्याचा नियम काढला आणि त्या जागी नावाचा नियम आणला: आधी इंग्रजी अक्षरांत फ्लॅट नंबर, मग सभासदाचं नाव. B504 आणि पुढे नाव, असं. इंग्रजी अक्षरांत का, तर झूमची यादी वर्णानुक्रमाने लागते. सगळ्यांनी एकाच पद्धतीने नंबर लिहिला की ए विंग, बी विंग, सी विंग अशी आपोआप ओळीने लागते आणि हजेरी घेणाऱ्याला सभासदांच्या रजिस्टरशी ताडून बघता येतं. यातूनच "एका घरातून एकच फोन" हाही नियम आला, कारण एकाच नंबरची दोन नावं दिसली की गणसंख्या मोजताना घोळ होतो; आणि ती कर्कश शीळही त्याने टळते. घरातल्या सगळ्यांनी त्या एका फोनभोवती बसावं.

कॅमेऱ्याबद्दल अध्यक्षांचं म्हणणं वेगळं होतं. "माणूस दिसला नाही तर आपण भिंतीशी बोलतो असं वाटतं," ते म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. खजिनदारांनाही पहिल्या सभेत कुणाची मान हलताना दिसली, तेव्हाच धीर आला होता. म्हणून एवढंच लिहिलं की, बोलण्याची पाळी आली की शक्य असल्यास कॅमेरा सुरू करा, नाही केला तरी चालेल. "शक्य असल्यास" हे दोन शब्द काढू नयेत यासाठी मी कार्यकारिणीत हट्ट धरला.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. मावशींचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. बटणाचं नाव नुसतं लिहून भागणार नाही, ते कुठे सापडतं तेही हवं. मी घरातल्या तीन यंत्रांवर बघितलं. माझ्या फोनवर पडद्याला बोट लावलं की खाली पट्टी येते, तिच्यात तीन टिंबांचं More, आणि आत Raise Hand. मुलाच्या लॅपटॉपवर ते Reactions मध्ये होतं. नवऱ्याच्या जुन्या, अपडेट न केलेल्या फोनवर रचना थोडी निराळी. एवढं सगळं कागदावर मावेना. मग आमच्याकडे बहुतेक जण फोनवरूनच येतात हे ध्यानात घेऊन फोनची वाट लिहिली, आणि न सापडल्यास चॅटमध्ये फक्त "प्रश्न" एवढा शब्द लिहा, असा दुसरा रस्ता दिला. जिथे बटण शोधावं लागतं, तिथे दुसरा रस्ता असलाच पाहिजे, हे मी मावशींकडून शिकले.

बटणाने वर केलेला हात आपण खाली घेईपर्यंत वरच राहतो, आणि यजमानाच्या यादीत असे हात सर्वांत वर, आधी वर केलेला आधी, अशा क्रमाने दिसतात. म्हणजे ही रांगच आहे. पण प्रश्न विचारून झाल्यावर माणसं हात खाली घ्यायला विसरतात. मग प्रश्न अजून विचारायचा आहे की झालाय हे कळत नाही आणि मागचे ताटकळतात. ते काम एका सहयजमानाकडे दिलं: उत्तर संपलं की त्याने हात उतरवायचा. निमंत्रणात त्याचा उल्लेखही केला नाही.

मात्र दोन गोष्टींवर कार्यकारिणीत बराच वेळ गेला. एक म्हणजे वेळ. एकावेळी एक प्रश्न, दोन मिनिटं. दुसरा प्रश्न असेल तर पुन्हा रांगेत, म्हणजे बाकीच्यांचा पहिला प्रश्न होऊ दे. हे सगळ्यांना पटलं. दुसरी गोष्ट मी मांडली ती पटायला वेळ लागला. आपण लोकांकडून इतकं मागतो आहोत, माइक बंद ठेवा, रांगेत थांबा, दोन मिनिटांत संपवा. मग त्यांना बदल्यात काय देतो? थांबलेल्या माणसाचा नंबर येईलच याची हमी नसेल तर तो का थांबेल? तो माइक उघडून मध्येच बोलणार, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून मी एक वाक्य सुचवलं: हात वर केलेल्या प्रत्येकाला पुकारलं जाईल, वेळ संपली तर राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं सात दिवसांत नोटीस बोर्डावर लागतील. खजिनदार म्हणाले, हे लिहिलं म्हणजे पाळावं लागेल. मी म्हटलं, म्हणूनच लिहायचं. हिशेबाचे प्रश्न तीन दिवस आधी लेखी पाठवावेत, हेही त्यात घातलं, कारण तीन वर्षांपूर्वीचं व्हाउचर जागच्या जागी कुणालाच काढता येत नाही. पण आधी न पाठवलेला प्रश्न घेणार नाही, असं लिहू दिलं नाही.

शेवटी निमंत्रणातला नियमांचा मजकूर एवढाच उरला:

"1. आत येताना नावाच्या जागी आधी फ्लॅट नंबर इंग्रजीत लिहावा, उदा. B504, आणि पुढे सभासदाचे नाव. एका घरातून एकाच फोनवरून यावे.

2. आत आल्यावर आपला माइक आपोआप बंद असेल. अहवाल व हिशेब सर्वांना ऐकू यावेत म्हणून तोपर्यंत तो बंदच राहील. आपल्या होकाराशिवाय आपला माइक आम्हाला सुरू करता येत नाही. कॅमेऱ्याची सक्ती नाही; बोलताना शक्य असल्यास सुरू करावा.

3. प्रश्न विचारण्यासाठी पडद्यावर बोट लावून More आणि मग Raise Hand दाबावे. बटण न सापडल्यास चॅटमध्ये 'प्रश्न' एवढेच लिहावे. फ्लॅट नंबर पुकारल्यावर पडद्यावर येणाऱ्या चौकटीत Unmute दाबून बोलावे. एका वेळी एक प्रश्न, दोन मिनिटे. हात वर केलेल्या प्रत्येकाला पुकारले जाईल. वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे सात दिवसांत नोटीस बोर्डावर लागतील."

खाली हिशेबाचे प्रश्न कुठे द्यायचे ती ओळ, आणि आदल्या संध्याकाळी 7 ते 8 सरावासाठी लिंक खुली राहील ही सूचना. छापील प्रतीवर लिंकऐवजी मीटिंग आयडीचे आकडे आणि पासकोड मोठ्या अक्षरांत घातले. कागदावरच्या लिंकला बोट लावून काही उपयोग नाही, हेही पहिल्या सभेनंतर एका आजोबांनी सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर उलट, मजकूर चित्र म्हणून न टाकता साधा लिहून टाकला, म्हणजे लिंक दाबता येते. शिवाय 14 दिवसांत तो संदेश इतर संदेशांखाली पार गाडला जातो, म्हणून आदल्या दिवशी लिंक आणि तिसरा नियम पुन्हा पाठवला, आणि सभेच्या 20 मिनिटं आधी पुन्हा लिंक.

सरावाला 31 घरं आली. तो एक तास मला सगळ्यात उपयोगी पडला. यादीत Redmi Note, iPhone, Galaxy अशी नावं दिसत होती, आणि पाच घरांतून मुलांची शाळेतली नावं, इयत्ता आणि तुकडीसकट, कारण त्या फोनवर मुलांचे वर्ग चालत. यादीत स्वतःच्या नावाला बोट लावून Rename कसं करायचं ते एकेकाला दाखवलं. आणि एक गोष्ट आम्ही कागदावर लिहायचीच विसरलो होतो, ती तिथे कळली: फोनवरून आत येताना Wifi or Cellular Data असं विचारलं जातं. ते न दाबता पुढे गेलं की चित्र दिसतं, आवाज मात्र येतही नाही आणि जातही नाही. सात-आठ जण तसेच मूकपणे बसले होते आणि त्यांना वाटत होतं की आम्हीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशीच्या संदेशात ती ओळ सगळ्यात वर गेली.

सभेला 121 घरं आली. सगळं बिनचूक झालं नाही. उशिरा आलेल्या लोकांनी सुरुवातीच्या सूचना ऐकल्या नव्हत्या, म्हणून मध्ये दोनदा थांबून तीन ओळींची पाटी पडद्यावर दाखवावी लागली. एका सभासदांना माइकची चौकट दिसेचना. त्यांना सांगितलं की तुमचा नंबर गेलेला नाही, पुढच्यांना घेतो आणि परत तुमच्याकडे येतो, आणि तिसऱ्या खेपेला ते बोलले. एका जुन्या सभासदांना अध्यक्षांनी भिडेखातर सात मिनिटं बोलू दिलं, आणि ते मला आजही खटकतं, कारण त्यांच्यामागे 11 जण रांगेत होते आणि त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता.

हिशेब वाचून झाले. मी यादी उघडली. सर्वांत वर B504 होतं, नावाशेजारी पंजा. मी फ्लॅट नंबर पुकारला, सहयजमानाने विनंती पाठवली, आणि दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग मावशींचा आवाज आला. कॅमेरा त्यांनी आपण होऊन सुरू केला होता. मागे तीच फुलदाणी.

"लिफ्टचा खर्च दुरुस्ती निधीतून करणार की सिंकिंग फंडातून?" त्यांनी विचारलं. "मागच्या वेळी हेच विचारायचं होतं. सिंकिंग फंडाला आपण दर वर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का भरतो. इमारत जुनी होईल तेव्हासाठी आहे तो. त्याला हात लागणार असेल तर मला तो आकडा हवा आहे."

खजिनदारांनी ताळेबंदाचं चौथं पान पडद्यावर आणलं आणि निधीच्या ओळीवर बाण नेला. मावशी चष्मा लावून पुढे झुकल्या.